मदत हवी आहे: MCX सोन्याच्या कंटिन्यूअस चार्टवर महिना बदलला की गॅप का पडतोय?

निपाणीकर: मी GOLD1! चा डेली चार्ट बघतोय, जूनची एक्सपायरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी एकदम नऊशे रुपये वर कँडल, पण त्या दिवशी शहापूरच्या सराफाकडं भाव जवळपास तोच. मूव्हिंग ॲव्हरेजच्या बॅकटेस्टमध्ये असले गॅप नफा म्हणून मोजलेत. डेटा चुकीचा हाय का?

खानापूरचा_गडी: रात्री कॉमेक्स हलतं रे, सकाळी 9 ला आपलं मार्केट उघडतंय तेव्हा गॅप दिसणारच.

सराफीतला: तसा गॅप पडतो, पण हा तो नव्हे. मोठ्या सोन्याचे काँट्रॅक्ट एकाआड एक महिन्याचे, फेब्रुवारी, एप्रिल, जून असे, आणि साधारण 5 तारखेला संपतात. गोल आकडे धरून सांगतो. 5 जूनला जून 96,000 ला बंद झाला, त्याच वेळी ऑगस्ट 96,900 ला होता. दोन महिने सोनं धरून ठेवायचं म्हणजे पैशावरचं व्याज, ते त्या नऊशेत. दुसऱ्या दिवशी चार्ट ऑगस्टवर गेला, 96,950 ला उघडला. तुम्हाला 950 दिसले, खरी हालचाल 50 ची. त्याच दिवशीचा ऑगस्टचा स्वतंत्र चार्ट उघडून बघा, तिथं एवढी उडी नसणार.

टिळकवाडी_ताई: मग घेऊन ठेवायचं का आत्ता? पोरीचं लग्न डिसेंबरात हाय.

सराफीतला: ताई, हा दागिन्याचा विषय नव्हे ओ.

निपाणीकर: म्हणजे रोलओव्हर केला की 900 चा लॉस?

खानापूरचा_गडी: लॉसच की, स्वस्त विकून महाग घेतलास.

सराफीतला: त्या दिवशी नफाही नाही, लॉसही नाही, ब्रोकरेज आणि टॅक्स सोडून. पण हजर भाव हलला नाही तर ऑगस्ट हळूहळू खाली येत हजरला मिळतो, तेव्हा ते नऊशे दोन महिन्यांत जातात. आणि एक्सपायरीपर्यंत थांबू नका, सोन्याला डिलिव्हरी कंपल्सरी हाय, टेंडर पिरियडच्या आधीच ब्रोकर सोडायला लावतो.

निपाणीकर: मग बॅकटेस्टचं काय करू? ट्रेडिंगव्ह्यूला बॅक-ॲडजस्टचं बटण हाय ते दाबू?

सराफीतला: गॅप जाईल, पण मागचे सगळे भाव प्रत्येक रोलच्या फरकाएवढे सरकतात. ऑगस्ट 2020 मध्ये सोनं 56,000 च्या वर गेलं होतं, तो उच्चांक ॲडजस्टेड चार्टवर बराच वर दिसेल, तिथून सपोर्ट काढत बसू नका. रुपयातला नफा मोजायला चालतंय, टक्क्यांत मोजायचं तर गुणोत्तरानं जोडलेली सिरीज लागते. मी तर प्रत्येक काँट्रॅक्टचा डेटा वेगळा घेतो, कटकट हाय पण फसवत नाही.

निपाणीकर: बघितलो, ऑगस्टच्या चार्टवर खरंच उडी नाही. पण माझ्या ब्रोकरच्या चार्टवर हाच गॅप चार दिवस आधी पडलाय, ते का?

सराफीतला: काहीजण एक्सपायरीला बदलतात, काहीजण पुढच्या महिन्यात व्हॉल्यूम जास्त झाला की. तुमचा ब्रोकर कुठला नियम लावतो ते त्यालाच विचारा, आणि काय म्हणतो ते इथं टाका.