सातबाऱ्याच्या इंग्रजी अनुवादासोबतचं टिपण

«लॉ फर्मला सातबारा आणि फेरफार इंग्रजीत करून देतोय. सोबतच्या पत्रात नेमकं काय लिहू?»

सगळ्यात आधी न बदललेले शब्द. ‘पोटखराबा’ रोमन लिपीत तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी अर्थ द्या: गटातलं लागवडीस अयोग्य क्षेत्र. ‘भोगवटादार वर्ग-२’ला मात्र स्वतःचा शब्द शोधू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २९ मधला ‘ऑक्युपंट क्लास टू’च वापरा. ‘टेनंट’ लिहिलंत तर वकील त्याला कूळ समजेल आणि हस्तांतरणावरचं बंधन नजरेतून सुटेल.

मग गृहीतकं. ०.४०.५० हे हेक्टर-आर-चौ.मी. असं वाचलं, म्हणजे ४,०५० चौ.मी., हे स्पष्ट लिहा. एकरात रूपांतर केलेलं नाही, हेही. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तू’ अशी दोन नावं दिसली तर एक करू नका, पानासह नोंदवा. तो एकच माणूस आहे का, हे ठरवणं वकिलाचं काम. शिक्क्याखाली गेलेला फेरफार क्रमांक अंदाजाने भरू नका, चौकटी कंसात ‘अवाच्य’ लिहा.

देताना दुरुस्तीसाठी वर्ड आणि सहीची पीडीएफ. पानं मूळाबरहुकूम तोडा, नाहीतर ताडून पाहणारा वैतागतो.