गोल चेहऱ्याला आयब्रो

"चेहरा गोल आहे, पार्लरमध्ये दरवेळी गोल कमान करून देतात, घरी कशा करू?"

गोल कमान नकोच गं, चेहरा अजून गोल दिसतो, थोडा कोन हवा आणि तो बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या बरोब्बर वर यायला हवा. नाकपुडीला पेन्सिल उभी टेकव, तिथून भुवई सुरू, मग तीच तिरकी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून ने, तिथे संपव. आधी पांढऱ्या पेन्सिलने आकार आखून घे आणि रेषेबाहेरचेच केस प्लकरने काढ, तेही खालच्या बाजूचे, वाढीच्या दिशेनेच ओढून, उलटं ओढलं की केस मधेच तुटतो आणि दोन दिवसांत खुंट टोचतात. अंघोळीनंतर कमी दुखतं. भिंगाचा आरसा मात्र नको, त्यात एकेक केस खुपतो आणि भुवई कधी दोऱ्यासारखी झाली कळतच नाही :)