चिमणीच्या टोकाला गॅस किती गार होतो?

> "अंबडला ३० मीटर उंच, ६०० मिमी व्यासाची, लॅगिंग म्हणजे उष्णतारोधक आवरण नसलेली चिमणी आहे. खाली १८० अंश, वर किती?"

सरळ रेषेत घट धरू नका. गॅस आणि हवेतला फरक घातांकी कमी होतो:

`T = Ta + (T0 − Ta)·exp(−U·A / (m·cp))`

T0 म्हणजे खालच्या गॅसचे तापमान, Ta हवेचे. पृष्ठभाग A ५६.५ चौ.मी., गॅस m १ किलो/सेकंद, गॅसची विशिष्ट उष्णता cp १०५० आणि गॅसपासून हवेपर्यंतचा एकूण उष्णता-वहन गुणांक U ६ धरला, तर घातांक ०.३२. नाशिकच्या थंडीत, १० अंशांना, वर साधारण १३३ अंश उरतील.

पण गंजतो तो पत्रा! गॅसपासून भिंतीपर्यंतचा, म्हणजे आतल्या बाजूचा गुणांक h ११ घेतल्यास टोकाची भिंत `133 − (6/11)·123`, म्हणजे जेमतेम ६६ अंश. गंधकयुक्त इंधनाचा आम्ल दवबिंदू बहुधा शंभराच्या वर असतो, त्यामुळे आम्ल तिथे साचणारच. कमी लोडवर तर भिंत आणखी गार. लॅगिंग कराच.