मदत हवी आहे: फोटोतला वक्र अन्वस्त आहे की घातांकी, हे कसे ठरवावे?

पाठ्यपुस्तकाच्या एका पानाच्या फोटोत चार आलेख असून त्यांची समीकरणांशी जोडी लावायची आहे. सरळ रेषा फूटपट्टी लावून ओळखता आली, आणि समान उंचीची शिखरे घेऊन X-अक्षाला ठरावीक अंतरांवर छेदणारा आलेख साइनचा, याबद्दल शंका नाही. उरलेल्या दोन वक्रांसाठी y = 2^x आणि y = (x² + x + 2)/2 ही समीकरणे आहेत, आणि अडचण तिथेच आहे.

दोन्ही वक्र (0, 1), (1, 2) आणि (2, 4) यांतून जातात, म्हणजे Y-अक्षावरचा छेदही सारखाच. X-अक्षाला तर दोन्ही छेदत नाहीत. मधल्या x = 1.5 ला किमती अनुक्रमे सुमारे 2.83 आणि 2.875 येतात, पण हा फरक छापील रेघेच्या जाडीतच बुडतो. डावीकडे अन्वस्त पुन्हा वर वळले असते आणि घातांकी वक्र अक्षाला टेकत गेला असता, परंतु फोटो नेमका Y-अक्षापाशी कापला गेला आहे. x = 3 ला 8 की 7 हे पाहावे, तर तो भाग पुस्तकाच्या बांधणीजवळ असल्याने चौकटी वाकड्या दिसतात.

मूळ पुस्तक हाताशी नाही आणि नवा फोटो मिळणार नाही. अशा वेळी वाकलेल्या चौकटींवर x = 3 ची उंची खात्रीने कशी वाचावी, की 0 ते 2 या भागातच दोन्ही वक्र वेगळे ओळखण्याची एखादी भरवशाची खूण आहे?