मदत हवी आहे: भरपाई कायद्याने बांधलेली होती, तर राज्यांनी कर्जाचा पर्याय का मान्य केला?

नदीकाठ
नमस्कार. एम.ए.च्या प्रबंधाचे एक प्रकरण शुक्रवारपर्यंत द्यायचे आहे आणि मी एकाच ठिकाणी अडकलो आहे. कायद्यात भरपाईची हमी स्पष्ट असताना राज्ये कर्ज घ्यायला तयार का झाली? विशेषतः महाराष्ट्राने इतक्या लवकर होकार का दिला? कृपया नेमके उत्तर द्यावे, कारण सर्वसाधारण माहिती माझ्याकडे आहे.

अभ्यासिका_सोलापूर
याचे मूळ वित्त आयोगात आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरला. उपकर आणि अधिभार या निधीत येत नसल्याने केंद्राने ते वाढवत नेले की राज्यांचा प्रत्यक्ष वाटा आक्रसतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

जुना_लेखापाल
वरील माहिती बरोबर असली, तरी मला वाटते की विचारणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. नदीकाठ, आपण २०२० मधील जीएसटी भरपाईविषयी विचारत आहात का? वर्ष आणि कर लिहिल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

नदीकाठ
होय, अर्थातच जीएसटी, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२०. मला ते उघड वाटले होते.

व्यापारी_लातूर
माझा अनुभव सांगतो. त्या काळात माझ्या परताव्याचे पैसे अनेक महिने अडकले होते आणि माल उचलायला हाताशी रक्कम नव्हती. केंद्र राज्यांचे पैसे वेळेवर देत नव्हते, तिथे आमच्यासारख्यांना कोण विचारणार? आपला परतावा प्रलंबित असेल, तर अर्जाची प्रत आणि पोच जपून ठेवावी.

जुना_लेखापाल
परताव्याचा विषय वेगळा असल्याने मी मूळ प्रश्नाकडे येतो. २०१७ च्या भरपाई कायद्याने २०१५-१६ चा महसूल पाया मानून दरवर्षी १४ टक्के वाढीची हमी पाच वर्षांसाठी, म्हणजे जून २०२२ पर्यंत दिली होती. समजा, एखाद्या राज्याचा पायाभूत महसूल १०० रुपये होता. २०२०-२१ मध्ये हमीची रक्कम १९२ रुपयांच्या पुढे जाते. टाळेबंदीमुळे हाती १२५ आले, तर जवळपास ६७ रुपयांची तूट राहते. ती तंबाखू, मोटारी, कोळसा अशा वस्तूंवरील उपकराच्या निधीतून भरायची होती. मात्र टाळेबंदीने तो उपकरही घटवला. त्या वर्षी एकूण तूट सुमारे ३ लाख कोटी आणि उपकराचे अपेक्षित उत्पन्न सुमारे ६५,००० कोटी रुपये, म्हणजे २.३५ लाख कोटींचे भगदाड होते. ते कोणी बुजवायचे, हाच वाद होता.

कायदा_आणि_आपण
येथे संदिग्धता कोठे आहे? हमी संसदेने दिली होती, तेव्हा भरपाई निधी अपुरा पडल्यास केंद्राने आपल्या संचित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, रक्कम देणे बंधनकारक होते. राज्यांनी सरळ सर्वोच्च न्यायालयात जायला हवे होते.

जुना_लेखापाल
आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. भरपाई देय होती, हे केंद्रानेही नाकारले नाही. मात्र कायद्याने तिचा स्रोत म्हणून भरपाई निधीच दाखवला आहे; त्यात उपकराबरोबर केंद्र आणि राज्यांची जीएसटी परिषद शिफारस करील अशा इतर रकमा जमा करता येतात, आणि संचित निधीतून तूट भरण्याचे बंधन कोठेही लिहिलेले नाही. महान्यायवादींनीही असेच मत दिले होते. शिवाय १०१ व्या घटनादुरुस्तीत ‘जीएसटीच्या अंमलबजावणीमुळे होणारे नुकसान’ असे शब्द आहेत. त्यांच्या आधारे केंद्राने तूट दोन भागांत तोडली आणि ९७,००० कोटी जीएसटीमुळे, उरलेली महामारीमुळे, असे मांडले. महसुलाची १० टक्के वाढ गृहीत धरून काढलेला हा आकडा पुढे ७ टक्के धरून १.१ लाख कोटी झाला. जो आकडा गृहीतकानुसार हलतो, तो कायद्यातून आलेला नसून वाटाघाटीतून आलेला असतो, असे माझे ठाम मत आहे.

कायदा_आणि_आपण
महान्यायवादींचे मत म्हणजे निकाल नव्हे. हमीच्या १४ टक्क्यांत महामारीचा अपवाद नव्हता, त्यामुळे ही फोड मला अजूनही चुकीची वाटते.

नदीकाठ
हा वाद मी वाचलेला आहे. माझा प्रश्न महाराष्ट्राचा आहे. सरकार महाविकास आघाडीचे होते, तरी मुंबईने होकार दिला. केरळ, पश्चिम बंगाल आणि पंजाब मात्र अडून राहिले. असे का?

जुना_लेखापाल
केंद्राने राज्यांपुढे ठेवलेले कर्जाचे दोन पर्याय शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात कर्ज लहान, म्हणजे फक्त जीएसटीमुळे मानलेल्या तुटीएवढे होते, पण व्याज आणि मुद्दल दोन्ही उपकरातून फेडायचे होते, म्हणजे राज्याच्या तिजोरीवर भार नव्हता. दुसऱ्यात संपूर्ण २.३५ लाख कोटी बाजारातून उचलता येत होते, पण व्याज राज्याने सोसायचे होते. पहिला पर्याय घेणाऱ्याची उरलेली भरपाई बुडत नव्हती; ती उपकराची मुदत वाढवून नंतर मिळणार होती. त्यात एक गोड घासही होता. मे २०२० मध्ये राज्यांची कर्जमर्यादा राज्य उत्पन्नाच्या ३ वरून ५ टक्के केली होती, पण वाढीचा बराच भाग शिधापत्रिका, वीज वितरण अशा सुधारणांच्या अटींना बांधलेला होता. पहिला पर्याय घेतल्यास शेवटचा अर्धा टक्का विनाअट मिळत होता. महाराष्ट्रासारख्या मोठ्या अर्थव्यवस्थेला अर्धा टक्का म्हणजे हजारो कोटी रुपये, आणि तेही करोनाच्या ऐन खर्चाच्या काळात.

मांडवी
गोव्यानेही तोच मार्ग घेतला. पण राज्यांनी परिषदेत मतदान का मागितले नाही? परिषदेत त्यांचे वजन दोन तृतीयांश आहे.

जुना_लेखापाल
निर्णयाला तीन चतुर्थांश वजन लागते आणि केंद्राकडे एक तृतीयांश आहे, म्हणून केंद्राशिवाय काहीच संमत होत नाही. ३१ राज्ये व विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश यांच्यात उरलेले वजन समान वाटल्यास प्रत्येकाला दोन टक्क्यांहून थोडे अधिक येते. ठराव रोखायला किमान १२ जण हवेत. अडून राहिलेल्यांची संख्या ऑक्टोबरअखेर तिथवर पोहोचत नव्हती. शिवाय कर्ज हा परिषदेचा विषयच नाही, अशी केंद्राची भूमिका होती. राज्यघटनेच्या कलम २९३(३) प्रमाणे केंद्राचे देणे असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यासाठी केंद्राची संमती लागते, आणि खरी दोरी तिथे होती.

१२ ऑक्टोबरच्या बैठकीत एकमत झाले नाही. तीन दिवसांनी केंद्राने १.१ लाख कोटी स्वतः उचलून राज्यांना देण्याचे जाहीर केले; एवढी एक सवलत अडून बसलेल्यांनी मिळवली, कारण मूळ प्रस्तावात कर्ज राज्यांच्या नावावर होते. २३ ऑक्टोबरपासून ६,००० कोटींचे हप्ते सुरू झाले, पण ते पहिला पर्याय स्वीकारलेल्यांनाच मिळत होते. शेजारच्या राज्याकडे दर आठवड्याला पैसे जाताना पाहणे कोणत्याही अर्थमंत्र्याला जड जाते. नोव्हेंबरमध्ये केरळ व पश्चिम बंगालने आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सर्वांत शेवटी झारखंडने होकार दिला.

अभ्यासिका_सोलापूर
तरीही मी म्हणेन की वित्त आयोगाचा वाटा पुरेसा असता, तर ही वेळ आली नसती.

नदीकाठ
लेखापाल, आभारी आहे. विनाअट अर्ध्या टक्क्याचा मुद्दा माझ्या टिपणात नव्हताच. आता एकच उरते: महाराष्ट्राने हा हिशेब त्या वेळी लेखी मांडला होता, की आपण तो मागाहून जुळवत आहोत? विधिमंडळाच्या कामकाजात काही सापडेल का?

जुना_लेखापाल
हेतू मी हिशेबावरून काढला आहे, कागदावरून नव्हे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. डिसेंबर २०२० च्या अधिवेशनातील पुरवणी मागण्यांवरील चर्चा आणि मार्च २०२१ चे अर्थसंकल्पीय भाषण, या दोन ठिकाणांपासून शोध सुरू करा.

व्यापारी_लातूर
पोच ऑनलाइन काढली असेल, तरी तिची छापील प्रत ठेवावी.