मदत हवी आहे: बॉन्डचे पैसे भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर देत नाहीत, तडजोड कशी करू?

घुटमळ
लोकहो, जरा घाईत आहे. जुन्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर दोन्ही अडवून ठेवलंय. आधी २,३६,००० भरा, मग कागद, एवढंच उत्तर. नव्या ठिकाणची एचआर रोज मेल टाकतेय, सोमवारपर्यंत लेटर हवं म्हणून. थोडंफार द्यायला मी तयार आहे, पण एवढे नाहीत माझ्याकडे. किती म्हणू? कसं लिहू? वकील बघायला वेळ नाही.

रिकामटेकडा
एक पैसा देऊ नका. बॉन्ड बेकायदा असतो. करार कायदा, कलम २७. कोणाला नोकरी करण्यापासून अडवता येत नाही, विषय संपला.

जमाखर्च
विषय संपला नाही. कलम २७ नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नका म्हणणाऱ्या अटींना आडवं येतं. अमुक काळ राहा, नाहीतर भरपाई द्या, ही वेगळी गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड वैध धरलाय. म्हणून "बेकायदा" असं मेलमध्ये लिहू नका, समोरचा तेवढंच धरून बसेल.

आता घुटमळ, बॉन्ड किती महिन्यांचा? किती झाले? प्रशिक्षण कसलं होतं? शेवटचा पगार मिळाला का? आणि २,३६,००० हा आकडा मला खटकतोय. दोन लाख अधिक अठरा टक्के?

सुमनताई
अरे, नोटीस पिरियडचे पैसे बहुतेक नवीन कंपनी भरते. माझ्या भाच्याचे भरले होते. त्यांनाच सांग ना.

घुटमळ
ताई, नोटीसचा प्रश्नच नाही, साठ दिवस पूर्ण काढलेत. प्रश्न बॉन्डचा आहे.

जमाखर्च, हो, दोन लाख आणि वर जीएसटी. बॉन्ड २४ महिन्यांचा, मी १५ महिने काम केलं. शेवटच्या महिन्याचा पगार आणि रजेचे मिळून ४१,००० त्यांच्याकडेच अडकलेत. मला वाटलं हे सगळं उघड आहे.

जमाखर्च
मी सतरा वर्षं पेरोल बघितलंय, उघड काहीच नसतं.

पहिली गोष्ट, जीएसटी काढून टाकायला सांगा. मुदतीआधी सोडल्याबद्दल घेतलेली बॉन्डची रक्कम ही कुठल्या सेवेची किंमत नाही, त्यावर कर लागत नाही. तसं ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे, क्रमांक 178/10/2022-GST. मेलमध्ये नुसता हा क्रमांक टाका. ३६,००० तिथेच गळतील, आणि तुम्ही हिशोब वाचता हे त्यांना कळेल.

दुसरी, दोन लाख ही कमाल रक्कम. कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाई मागता येते, अख्खी मिळेलच असं नाही. तुम्ही १५ महिने दिलेत, उरले ९. २,००,००० भागिले २४ गुणिले ९, म्हणजे ७५,०००. पण बॉन्ड काढून बघा, २४ महिने रुजू झाल्यापासून की प्रशिक्षण संपल्यापासून?

घुटमळ
"प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याच्या दिनांकापासून." अरे देवा. प्रशिक्षण कागदावर दोन महिन्यांचं होतं.

जमाखर्च
मग त्यांच्या मोजणीत १३ झाले, ११ उरले. ९१,६६७. "कागदावर" म्हणालात म्हणून विचारतो, प्रत्यक्षात?

घुटमळ
प्रत्यक्षात तीन आठवडे व्हिडिओ दाखवले, शेवटी एक चाचणी घेतली, आणि चौथ्या आठवड्यात क्लायंटच्या कामावर बसवलं. टाइमशीटवर प्रोजेक्ट कोड होता, बिलेबल.

जमाखर्च
हाच तुमचा खरा मुद्दा. चौथ्या आठवड्यापासून क्लायंटकडून तुमच्या तासांचे पैसे येत होते, तर दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च कुठला? मेलमध्ये शांतपणे विचारा: प्रशिक्षक कोण, किती दिवस, माणशी खर्च किती, बिलं दाखवा. उत्तर बहुधा येणार नाही, पण न आलेलं उत्तरही तुमच्या फाइलला लागतं.

रिकामटेकडा
एवढं लिहीत बसण्यापेक्षा सरळ कामगार आयुक्तांकडे तक्रार टाका. चार दिवसांत ताळ्यावर येतात.

बाराखडी
चार दिवस? मी टाकली होती. सात महिने तारखा, शेवटी लेटर मिळालं तेव्हा नवीन नोकरी हातची गेली होती. आणि माझा बॉन्ड प्रशिक्षणाचा नव्हताच, परदेशी पाठवण्याचा होता. तिथे व्हिसाचा, विमानाचा खर्च धरतात. त्यावर वेगळं लिहायला हवं खरं तर.

रिकामटेकडा
तुमचं झालं नाही म्हणून कोणाचंच होत नाही का?

जमाखर्च
तुमचं भांडण चालू द्या. घुटमळ, एक राहिलंच. बॉन्डसोबत कोरा चेक दिलाय का?

घुटमळ
हो, एक. सही करून. तो कशाला आता? बँकेला सांगून थांबवतो.

जमाखर्च
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! नुसतं स्टॉप पेमेंट करून सुटका होत नाही, तशा चेकवरही कलम १३८ ची केस उभी राहू शकते. चेक परत आलाच आणि त्यांची नोटीस आली, तर पैसे भरायला १५ दिवस असतात. तेव्हा मात्र वकील गाठायचाच. म्हणून तो चेक तडजोडीत परत मागायचा.

मेल साधारण असा: बॉन्डवरचे माझे आक्षेप राखून, वाद मिटवण्यासाठी एकरकमी ७५,००० द्यायला तयार आहे. त्यातून तुमच्याकडचे माझे ४१,००० वजा करा, उरलेले ३४,००० मी भरतो. पैसे जमा झाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत दोन्ही लेटर, फुल अँड फायनलचा कागद, मूळ बॉन्ड आणि चेक मिळावा, आणि यापुढे कसलंही देणं उरलं नाही असं लिहून मिळावं.

मनातली वरची मर्यादा ९१,६६७ ठेवा. ती आत्ताच सांगू नका. त्यांचा होकार मेलवर आल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, आणि लेटरचा मसुदा आधी मागून घ्या. मी असं एक पाहिलंय की पैसे भरले आणि लेटरमध्ये "बॉन्डचा भंग करून सोडले" अशी ओळ निघाली. ते लेटर दाखवणार कोणाला?

सुमनताई
पीएफचं काय रे? तोही अडवतील.

बाराखडी
ताई, शेवटचं योगदान होऊन दोन महिने झाले की नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर आपली आपल्याला टाकता येते. तिथे त्यांची गरज नाही.

घुटमळ
मेल गेला. नव्या एचआरला खरं काय ते सांगितलं, राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि तीन पगारपत्रकं दिली. तिने पंधरा दिवस वाढवून दिले. हे आधीच करायला हवं होतं.

घुटमळ
उत्तर आलं. जीएसटी काढला. १,१०,००० म्हणतात, ४१,००० वजा करायला तयार. प्रशिक्षणाच्या खर्चाबद्दल अवाक्षर नाही, चेकबद्दलही नाही. म्हणजे ६९,००० भरायचे. मिटवून टाकू का?

जमाखर्च
१,१०,००० ला आधार काय ते विचारा. त्यांच्याच मोजणीने ९१,६६७ होतात. तेवढ्यावर आले तर ५०,६६७ भरून मोकळे व्हा, मी तरी झालो असतो. पण चेकचा उल्लेख त्यांच्या मेलमध्ये येईपर्यंत नाही.

रिकामटेकडा
मी अजूनही म्हणतो, शून्य द्या.

नवाकोरा
माझाही बॉन्ड आहे, पण प्रशिक्षण झालंच नाही, पहिल्या दिवसापासून काम. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?