दुसऱ्या टीमसोबत एक दिवस बसायचंय, परवानगीचा मेल कसा लिहू? (शुक्रवारपर्यंत हवं)

भाग्यश्री_क
मदत हवी आहे. आमच्याच कंपनीतल्या दुसऱ्या टीमसोबत एक दिवस बसून त्यांचं काम बघायचंय, म्हणजे जॉब शॅडोइंग. साहेबांना मेल केला की मला खूप शिकायला मिळेल. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, "यात कंपनीचा काय फायदा?" शनिवारपासून ते रजेवर आहेत. कोणाकडे नमुना मेल आहे का?

तुषार_नाशिक
कुठली टीम? तू कशात आहेस? कारखाना की ऑफिस? हे न सांगता नमुना कसा देणार?

सागरवेळ
अंतर्गत बदलीची जागा निघाली की सरळ अर्ज कर. मी तसाच अकाउंट्समधून सेल्सला गेलो. बेसिक तेवढंच राहिलं, पण इन्सेंटिव्ह सुरू झाला. एक दिवस बसून काय होणार?

भाग्यश्री_क
बदली नकोय हो! मी परचेसला आहे, चाकणला, गाडीचे पार्ट्स बनवतो आम्ही. बसायचंय इनकमिंग इन्स्पेक्शनला. एका सप्लायरचे बुश सारखे होल्ड होतात. मला फक्त "बोअर अंडरसाइज" एवढा मेल येतो. सप्लायर म्हणतो माझ्याकडे ओके होतं, क्वालिटी म्हणते नाही. मी मधल्या मधे फोन करत बसते.

पल्लवी_जे
एचआरकडे जा. ट्रेनिंगच्या खात्यात दाखवून ते वरून मंजुरी आणतात. आमच्याकडे असंच झालं.

गेजवाले_काका
एचआरची नोंद नंतर करावी, पण सुरुवात तिथून नको. साहेबांना डावलल्यासारखं होतं आणि इन्स्पेक्शनवाल्यांना वाटतं की तपासणी लागली. 22 वर्षं इनकमिंगला काढलीत, म्हणून सांगतो.

भाग्यश्री, बुशला प्लेटिंग आहे का? बोअर किती?

भाग्यश्री_क
झिंक प्लेटिंग, 8 मायक्रॉन. बोअर 8 एच7. काका, याचा मेलशी काय संबंध?

गेजवाले_काका
सगळा संबंध आहे. 8 एच7 म्हणजे 8.000 ते 8.015. थर बोअरच्या दोन्ही बाजूंना बसतो, म्हणजे पूर्ण 8 मायक्रॉन आत बसला तर व्यास 16 मायक्रॉनने कमी होतो. प्लेटिंगआधी 8.015 असलेला बोअर 7.999 वर येतो आणि प्लग गेजची गो बाजू तोंडाशीच अडते. सप्लायर प्लेटिंगआधी मोजत असेल तर तोही खरा आणि इन्स्पेक्टरही खरा. ड्रॉइंगवरचं माप प्लेटिंगनंतरचं धरायचं की आधीचं, हे पीओवर लिहिलेलं आहे का ते बघ. आत थर तेवढा बसतोच असं नाही, म्हणून मी छातीठोक सांगत नाही. पण गेज अडताना तू स्वतः पाहिलंस की सप्लायरला काय विचारायचं ते कळेल. कंपनीचा फायदा तो हाच.

तुषार_नाशिक
काका, एवढ्यासाठी मंजुरी कशाला? चहाच्या वेळेला जाऊन उभं राहायचं.

गेजवाले_काका
चहाच्या वेळेला लॉट उघडत नाहीत. शिवाय इन्स्पेक्टरला कोणी विचारलं, "ही इथे काय करते?" तर तो काय सांगेल? आधी इन्स्पेक्शनच्या प्रमुखांशी तोंडी बोल, मग मेल. मेलमध्ये होल्ड झालेल्या लॉटचा आकडा हवा, त्या दिवशी तुझे पीओ कोण सोडणार ते हवं, आणि परत येऊन काय देणार तेही. महिनाअखेर टाळ. बुशचा लॉट येणार असेल तोच दिवस माग, नाहीतर दिवसभर दुसऱ्याचेच पत्रे बघशील. आणि बदली मागत नाहीस हे स्पष्ट लिही. वर सागर यांना वाटलं तसं साहेबांनाही वाटलं असेल.

भाग्यश्री_क
काल रात्री होल्डचे मेल काढले. तीन महिन्यांत 11 लॉट, त्यातले 5 याच बुशचे. पीओवर प्लेटिंगनंतरच्या मापाचा उल्लेखच नाही! मसुदा असा केलाय:

"सर, तीन महिन्यांत होल्ड झालेल्या 11 लॉटपैकी 5 एकाच बुशचे आहेत. सप्लायर आणि आपण एकच माप वेगवेगळ्या टप्प्यावर घेतो का, हे मला इनकमिंगला बसून पाहायचं आहे. 12 तारखेला लॉट येतोय, तो दिवस चालेल का? माझे तातडीचे पीओ त्या दिवशी सहकारी सोडेल. दोन दिवसांत एक पानाची नोंद आणि पीओच्या शेऱ्यातला बदल तुमच्यासमोर ठेवीन. ही बदलीची विनंती नाही."

पल्लवी_जे
छान आहे. पण किती रुपये वाचतील ते टाक, साहेब लोकांना पैसेच दिसतात.

गेजवाले_काका
अंदाजाचे रुपये टाकू नकोस, पहिला प्रश्न त्यावरच येईल. त्या 5 लॉटच्या सॉर्टिंगची बिलं असतील तर त्यांची बेरीज टाक.

भाग्यश्री_क
दोनच बिलं सापडली, ती जोडली. साहेबांचं उत्तर आलं: पूर्ण दिवस नाही, दुपारपर्यंत, आणि क्वालिटीचा होकार मीच आणायचा. क्वालिटीच्या मॅडम म्हणतात 14 पर्यंत ऑडिट आहे, बाहेरचं कोणी नको. पुढचा लॉट 19 ला येतो, पण तेव्हा साहेब रजेवर. काका, आत्ताच्या होकारावर 19 ला बसले तर चालेल का, की पुन्हा विचारू?

सागरवेळ
पण मॅडमकडे जागा निघाली तर?